हप्त्याच्या आठवणी, जुलै ते जून

(तुझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये मी हे टाकून ठेवलंय. वाजलं की पुसून टाकू नकोस, वाच. – ताई)

दर महिन्याची 5 तारीख, सकाळी 9 वाजता
परवा 7 तारीख, एसआयपीचा हप्ता जाणार. खात्यात 5,000 आहेत का, आत्ताच बघ. काठावर असतील तर आजच भर. हप्ता परत गेला तर बँक दंड कापू शकते, आणि तो दंड कुठल्याच फंडातून भरून निघत नाही. 7 तारखेला सुट्टी आली तर हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी जाईल, तोवर त्या पैशांना हात लावू नकोस.

दर महिन्याची 11 तारीख, रात्री 8 वाजता
युनिट जमा झाल्याचा मेसेज आला का? तारीख, एनएव्ही म्हणजे एका युनिटचा भाव, आणि युनिट वहीत लिही. नफा-तोटा आज बघायचा नाही.

एनएव्ही मागच्या महिन्यापेक्षा खाली दिसली तर पहिल्या पानावरचं गणित वाच: 50 च्या भावाने 5,000 मध्ये 100 युनिट, 40 च्या भावाने 125. दोन्ही मिळून 225 युनिट, सरासरी 44.44 ला पडले. घसरणीत हप्ता थांबवलास तर ते स्वस्तातले 125 युनिट हातचे जातील. भाव पुढे वर येईलच, याची हमी मात्र कुणी देत नाही. म्हणून तर सहा महिन्यांचा खर्च आपण वेगळा ठेवलाय.

30 जून, वर्षातून एकदा, निवांत तासभर
वही आणि खात्याचं स्टेटमेंट समोर घे.

आधी परतावा. भरलेल्या पैशांवर एकूण 6 टक्के वाढ दिसली तर लगेच हिरमुसू नकोस. पहिला हप्ता वर्षभर गुंतला होता, शेवटचा जेमतेम महिनाभर. सरासरी धरली तर पैसे साडेसहा महिनेच कामाला होते, म्हणजे वार्षिक दर 11 टक्क्यांच्या आसपास येतो. स्टेटमेंटवर एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक दर, दिला असेल तर तोच आकडा धर. आणि तो त्याच प्रकारच्या फंडांशी ताडून बघ, मित्राच्या एखाद्या शेअरशी नको. एका वर्षाच्या आकड्यावरून फंड बदलायचा नाही.

मग वाटणी. आपण 70 टक्के इक्विटी म्हणजे शेअरचे फंड, 30 टक्के डेट म्हणजे रोख्यांचे फंड, असं ठरवलं होतं. 73-27 झालं असेल तर राहू दे. 76-24 च्या पुढे गेलं तर काहीही न विकता पुढचे काही हप्ते डेटकडे वळव. विकलं की कर आणि एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्यावर फंड कापतो ते शुल्क, बघावं लागतं.

पगार वाढलाय का? मग हप्ताही 10 टक्क्यांनी वाढव, 5,500 कर. नॉमिनीचं नाव, फोन नंबर, बँक खातं बरोबर आहे ना, तेही तपास.

हे पैसे पुढच्या तीन वर्षांत कशाला लागणार असतील तर तेवढी रक्कम इक्विटीत ठेवायची नाही. असं काही ठरत असेल तर विकायच्या आधी मला फोन कर, रात्री उशीर झाला तरी चालेल.