कोथरूडमध्ये ब्लाउज-ड्रेस शिलाई, फॉल-पिको आणि अल्टरेशन | पौड रोड, पुणे

ब्लाउज, कुर्ती, पंजाबी ड्रेस, परकर-पोलकं शिवून मिळेल. साडीला फॉल-पिको आणि सगळ्या प्रकारचं अल्टरेशनही होतं. दुकान कोथरूडला पौड रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर. आनंदनगर मेट्रो स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. वेळ सकाळी १०:३० ते १:३० आणि संध्याकाळी ४:३० ते ८:३०. गुरुवारी बंद, कारण देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते. फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि नकाशाची लिंक या मजकुराखाली आहे.

वनाज, आयडियल कॉलनी, मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, भुसारी कॉलनी, कर्वेनगर आणि एरंडवण्याहून येणाऱ्यांना दुकान सोयीचं पडतं. बावधनहून येणार असाल तर चारचाकी गल्लीत आणू नका. लावायला जागा नाही.

शिलाईचे दर

साधा सुती ब्लाउज, बिनअस्तराचा: ३५० रुपये
अस्तराचा ब्लाउज: ६०० रुपये, अस्तर आमचं
प्रिन्सेस कट, पॅड लावून: ८५० रुपये
कुर्ती: ४५० रुपये, अस्तर असेल तर ६५०
पंजाबी ड्रेस, सलवार किंवा पँटसह: ७५० रुपये
फॉल-पिको: १५० रुपये, फॉल धरून
पँट किंवा जीन्सची उंची कमी करणं: १०० रुपये
चेन बदलणं: १२० रुपयांपासून

पायपिंग, दोरी-लटकन, काठाची जोडणी किंवा खास गळा असेल तर पैसे वाढतात. किती वाढतील ते कापड घेतानाच पावतीवर लिहून देतो. कपडा तयार झाल्यावर नवा आकडा ऐकायला मिळणार नाही.

कापड किती आणायचं

साडीतलं ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटर असतं. छाती ३६-३८ आणि बाही आखूड असेल तर ते पुरतं. छाती ४० च्या पुढे असेल किंवा कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर वेगळं कापड घेताना पूर्ण एक मीटर घ्या. साडीतल्याच पिसातून हवा असेल तर काठ कुठे लावायचा हे आधी ठरवावं लागतं, कारण बाहीला काठ आणि पाठीलाही काठ, असं दर वेळी निघत नाही. गुडघ्यापर्यंतच्या, पाऊण बाहीच्या कुर्तीला ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड लागतं. पटियाला सलवारीला साडेतीन ते चार मीटर.

सुती कापड आणि सुती अस्तर कापण्याआधी आम्ही रात्रभर पाण्यात भिजवतो. न भिजवलेलं कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं; ३८ इंच छातीवर तो हिशोब दीड इंचाच्या आसपास जातो, आणि ब्लाउज एकदा धुतल्यावर हुकं लागेनाशी होतात. फॉलचंही तेच. कोरा फॉल लावला की पुढे तो आटतो, साडी आटत नाही, मग खालची कड चुण्या पडून गोळा होते. भिजवणं, वाळवणं, इस्त्री यात एक दिवस जातो, म्हणून सुती कपडा 'आजच्या आज' मिळत नाही. फॉल हातानेच टाकतो. पैठणीला आणि जुन्या जरीच्या साड्यांना मशीनची सुई लावायचीच नाही, हा दुकानाचा नियम आहे. जरीचा धागा तुटला की पुन्हा सांधता येत नाही.

माप

मापाचा ब्लाउज जरूर आणा, पण अंगावरचं मापही घेऊ. जुना ब्लाउज मुंढ्यात आणि गळ्यात ताणलेला असतो, आणि त्याच्यावरून शिवलं की जुनी चूक नव्या कापडात उतरते. आम्ही छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंड, बाहीची लांबी, पुढचा-मागचा गळा, पूर्ण उंची आणि खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचं अंतर घेतो. हे शेवटचं माप अर्धा इंच जरी चुकलं तरी पुढे फुगा येतो, आणि तो इस्त्रीने जात नाही.

'हात वर केला की ब्लाउज वर चढतो, मुंढा सैल करा,' असं खूप जणी सांगतात. बहुतेक वेळा कारण उलटं असतं: मुंढा जास्त खाली कापलेला असतो. तो काखेजवळ नीट बसला की हात मोकळा हलतो. म्हणून आधी ब्लाउज घालून दाखवा, मगच उसवू. मागचा गळा आठ इंचांपेक्षा खोल हवा असेल तर खांदा थोडा आत घ्यावा लागतो किंवा दोरी लावावी लागते, नाहीतर बाह्या घसरतात. अंगाला नीट बसणाऱ्या अस्तराच्या ब्लाउजची ट्रायल कच्च्या शिलाईवर घेतो. ट्रायलला येताना नेहमीची ब्रा घालूनच या.

अल्टरेशन

आम्ही शिवलेल्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना आत एक-एक इंच माया ठेवतो, म्हणजे पुढे दोन-तीन इंच सैल करता येतो. रेडिमेड कपड्यात माया अनेकदा जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि कडा ओव्हरलॉक केलेल्या असतात. तिथे सैल करायला कापडच नसतं; काखेखाली पट्टी जोडावी लागते. टिश्यू आणि कच्च्या रेशमावर उसवल्यावर सुईची भोकं दिसतात, हे आधीच सांगून ठेवतो. नवी जीन्स एकदा धुऊन मगच आणा. मूळ दुमड तशीच हवी असेल तर ठेवता येते, तसं सांगा.

लेदर, पुरुषांचा कोट-ब्लेझर आणि शिवलेली नऊवारी आम्ही करत नाही. शाळेचे एक-दोन गणवेश घेतो, घाऊक ऑर्डर नाही.

किती दिवस

अल्टरेशन दोन दिवस, फॉल-पिको तीन दिवस, ब्लाउज किंवा ड्रेस आठ ते दहा दिवस. गणपती आणि दिवाळीच्या आधी हे वेळापत्रक कोलमडतं, म्हणून दोन्ही सणांच्या पंधरा दिवस आधी नवी ऑर्डर घेणं थांबवतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. नवरीचे ब्लाउज असतील तर महिनाभर आधी या आणि दागिने ठरले असतील तर त्यांचा फोटो दाखवा, गळा त्यावर ठरतो. जिना-रस्ता झेपत नसलेल्या आजी-आजोबांचं माप घ्यायला रविवारी सकाळी घरी येतो, कोथरूडमध्येच. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

या चॅनेलवर

दर आठवड्याला एक-दोन छोटे व्हिडिओ असतात: गळ्यांचे नमुने पुढून-मागून, तयार ब्लाउज आतून कसा दिसतो, आणि सैल, आखूड किंवा फाटलेल्या कपड्यांची दुरुस्ती. प्रत्येक व्हिडिओखाली कापड किती लागलं आणि शिलाई किती झाली ते लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाचा चेहरा कधीच नसतो, आणि कपडाही त्यांना विचारूनच दाखवतो. एखादा नमुना आवडला तर त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तुमच्या कापडात तो निघेल की नाही ते त्याच दिवशी संध्याकाळी कळवू.

कपडा नेताना दुकानातच घालून बघा. फिटिंगमध्ये काही राहिलं असेल तर पंधरा दिवसांत पैसे न घेता नीट करून देतो. त्यासाठी पावती आणा आणि कपडा धुवू नका. उरलेलं कापड पिशवीत परत मिळतं. त्यातली एक लहान चिंधी जपून ठेवा, पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच रंगाचं कापड बाजारात मिळेलच असं नाही.