तयार टॉवेलच्या 160 गाठी काही आठवडे आपल्या गोदामात ठेवण्याबाबत विनंती

मंगलदास मार्केट,
मुंबई 400002
दिनांक : 3 जुलै 2025

प्रति,
माननीय विक्री व्यवस्थापक,
टेरी टॉवेल कारखाना,
अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत, सोलापूर

विषय : 15 जुलै 2025 रोजी पाठवायचा तयार माल आपल्याकडे राखून ठेवण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या खरेदी आदेशानुसार 9,600 टेरी टॉवेल, म्हणजे प्रत्येकी 60 नगांच्या 160 गाठी, 15 जुलै रोजी आमच्या भिवंडीच्या गोदामात पोहोचायच्या आहेत. आपले विणकाम आणि शिलाई वेळेवर पूर्ण होत असल्याचे आपण कळविले आहे, त्यामुळे पुढील अडचण सर्वस्वी आमच्या बाजूची आहे. आमच्या एका हॉटेल ग्राहकाने जूनमध्ये 90 गाठी उचलायच्या होत्या; त्यांच्या नव्या इमारतीचे काम लांबल्याने तो माल अजून आमच्याकडेच पडून आहे. त्यातच पावसाळ्यात जमिनीलगतची रांग आम्ही मुद्दाम रिकामी ठेवतो, कारण दारातून आत येणारी ओल सर्वांत आधी खालच्या गाठींना लागते आणि सुती टॉवेलला एकदा बुरशीचा वास धरला की तो धुऊनही सहसा जात नाही. अशा स्थितीत नवा माल मागवून तो वाटेत किंवा शेडखाली उभा करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

म्हणून विनंती अशी की, हा माल आपण आपल्या गोदामात आमच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा आणि तीन खेपांत पाठवावा : 11 ऑगस्ट रोजी 60 गाठी, 25 ऑगस्ट रोजी 50 गाठी आणि उरलेल्या 50 गाठी 8 सप्टेंबर रोजी. यंदा गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला असल्याने त्या दिवसांत माथाडी कामगार मिळणे अवघड जाते, हे लक्षात घेऊन मधले दिवस मोकळे सोडले आहेत.

माल थांबल्याने आपले भांडवल अडकू नये, ही आमची जबाबदारी आहे. आमचा प्रतिनिधी 14 जुलै रोजी आपल्याकडे येऊन गाठींची मोजणी करील आणि काही गाठी उघडून वजन, रंग व काठाची शिलाई तपासील. तपासणी समाधानकारक ठरल्यावर दुसऱ्याच दिवशी करपूर्व किमतीच्या निम्मी रक्कम, म्हणजे ₹5,28,000, आरटीजीएसने आगाऊ जमा केली जाईल. उरलेली रक्कम प्रत्येक खेप पोहोचल्यापासून 30 दिवसांत, त्या खेपेच्या प्रमाणात, करासह देऊ. याशिवाय 16 जुलैपासून दर आठवड्याला प्रत्येक गाठीमागे ₹12 साठवणूक आकार देण्यास आमची तयारी आहे. हा दर आपल्याला कमी वाटत असल्यास आपला दर कळवावा, त्यावर बोलता येईल.

बिलाबाबत मात्र एक आग्रह आहे. सर्व मालाचे एकच बिल आत्ता काढू नये. प्रत्येक खेप निघताना तिचे स्वतंत्र बिल आणि स्वतंत्र ई-वे बिल करावे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे माल हाती आल्याशिवाय आम्हाला इनपुट क्रेडिट घेता येत नाही, आणि एकाच बिलाचा माल टप्प्याटप्प्याने आला तर शेवटचा टप्पा मिळेपर्यंत संपूर्ण क्रेडिट थांबते. शिवाय आपल्यालाही न पाठविलेल्या मालाचा कर आधी भरावा लागणार नाही.

माल वाहनात चढेपर्यंत त्याची मालकी व जोखीम आपल्याकडेच राहील, असे लेखी ठरवावे असे आम्ही सुचवितो. वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 26 नुसार, ज्याच्या दोषामुळे ताबा देण्यास उशीर होतो त्याच्यावर त्या उशिरामुळे होऊ शकणाऱ्या नुकसानीची जोखीम येऊ शकते, याची आम्हाला कल्पना आहे. त्यामुळे आग, पाणी व चोरी यांसाठी आपल्या गोदामाच्या विमा पॉलिसीत या मालाची वाढीव रक्कम समाविष्ट करून घ्यावी आणि त्यापोटी लागणारा जादा हप्ता पावतीसह आमच्याकडून वसूल करावा. गाठी लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचाव्यात आणि वरचे प्लास्टिक घट्ट बांधू नये, कारण आत कोंडलेला दमटपणा बाहेरच्या पावसाइतकाच माल खराब करतो. आपण हे जाणताच, तरी पत्रात नोंद असावी म्हणून लिहिले.

आमची जागा आधी मोकळी झाल्यास चार दिवस अगोदर कळवून आम्ही खेप लवकर मागवू. 8 सप्टेंबरच्या पुढे मुदत वाढवून मागणार नाही. त्या दिवशी आमच्या गोदामात जागा नसली, तर भाड्याची जागा घेऊन माल उतरवून घेऊ.

आपला होकार, किंवा एखाद्या अटीत बदल हवा असल्यास तो, 9 जुलैपर्यंत लेखी कळवावा, म्हणजे खरेदी आदेशाची सुधारित प्रत आपल्याकडे 11 जुलैपूर्वी पाठविता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
खरेदी व्यवस्थापक
घाऊक कापड विभाग, मुंबई

प्रत माहितीसाठी : लेखा विभाग, गोदाम प्रमुख, भिवंडी