बांध

वीज चमकली तेव्हा स्लॅबला खालून टेकू दिलेले सगळे जॅक एकदम उभे दिसले. ओळीनं, सरळ. तिसऱ्या ओळीतला कडेचा तेवढा एक तिरका होता. परशराम नीट बघेपर्यंत पुन्हा अंधार झाला.

तो सिमेंटच्या खोलीच्या दारात, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता. लाईट केव्हाच गेली होती. रोहिणी निघायला अजून आठ-दहा दिवस होते, आणि हा वळीव. दुपारभर येळ्ळूरगडाच्या अंगाला ढग दाटत होते, संध्याकाळी वारा पडला, आणि रात्री जेवणवेळेला सगळं एकदम सुटलं. पहिल्या झोडपीलाच गड्यांच्या शेडवरचे पत्रे उडाले. एक तर रस्त्यापलीकडच्या निलगिरीत जाऊन अडकला.

बॅटरी पेटवून त्यानं उजेड स्लॅबखाली टाकला. बॅटरीच्या उजेडात काही कळेना. लांबून सगळेच जॅक तिरके वाटत होते, नाहीतर सगळेच सरळ.

'भास असेल,' असं त्याला एकदा वाटलं. खरं पाय त्याआधीच निघाले होते.

बेळगावचं वडगाव मागं टाकून येळ्ळूरच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला हा प्लॉट. तळाला पार्किंग, वर तीन मजले अशी इमारत व्हायची होती. पार्किंगच्या डोक्यावरचा पहिला स्लॅब पाच दिवसांपूर्वी ओतला होता. त्या दिवशी मिक्सर थांबल्यावर सिद्राय मेस्त्री सगळ्यांना वडे वाटत म्हणाला होता, "पाच इंची स्लॅब हाय. चौरस फुटाला तीस किलो धरा. एकेका जॅकवर तीन-चारशे किलो बसलंय. चौदा दिवस कुणी हात लावायचा नाही." परशरामला ते बोलणं उद्देशून नव्हतं. वॉचमनला असलं कोण सांगतं? त्याचं काम मालकानं नेमताना वेगळंच सांगितलं होतं. सळी, सिमेंट, प्लेटा आणि मोटार सांभाळायची. सिमेंटच्या खोलीची किल्ली गळ्यात घालायची. "कुणालाबी आत घ्यायचं नाही. गड्यांना तर नाहीच. एक पोतं इकडचं तिकडं झालं तर तुमच्याकडनं घेणार."

किल्ली तेव्हापासून काळ्या दोऱ्यात त्याच्या गळ्यात होती.

स्लॅबखाली शिरल्याबरोबर पावसाचा आवाज मागं राहिला आणि माणसांचा आला. शेड उडालेली दोन्ही बिऱ्हाडं तिथंच आली होती, यादगीरकडची. यंकप्पा, त्याची बायको गंगव्वा, मेव्हणा आणि त्याची बायको, तीन पोरं. प्लायवूडवर चादरी अंथरून, भांडी मध्ये ठेवून सगळे आडवे झाले होते. गंगव्वाच्या मांडीवर बारकं पोर कण्हत होतं.

"बर्री अज्जा, इल्ले कूड्री," यंकप्पा जागा करून देत म्हणाला.

परशराम बसला नाही. तिसऱ्या ओळीच्या कडेला गेला. यंकप्पाचं अंथरूण तिथून दोन हातांवर.

त्यानं गळ्यातली किल्ली काढली, जॅकच्या वरच्या टोकाशी हात उंच करून दोरा धरला आणि वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिला. किल्ली डोलली, थांबली. नळी तिच्यापासून लांब गेली होती. दोरा हातभर होता, आणि तेवढ्यातच दोन बोटांचा फरक पडला. शेजारच्या जॅकला धरून पाहिलं, तिथं दोरा नळीला चिकटून राहिला.

मग त्यानं बॅटरी खाली वळवली. जॅकचा तळ ज्या फळीवर होता तिचं एक टोक अधांतरी होतं. खालचा मुरूम गेला होता. लाल पाणी फळीखालून वळणं घेत जात होतं आणि जाता जाता कडेचा मुरूम ढासळवत होतं.

ते पाणी कुठून येतं हे बघायला परशरामला बॅटरी लागली नाही. तो कुठं उभा आहे हे त्याला त्या क्षणी कळलं. पाच महिने तो इथं फिरत होता; सळ्या, कॉलम, वाळूचे ढीग यांत त्याला या जागेची ओळखच लागली नव्हती. इथं बांध होता. दोन भाताच्या वाफ्यांमधला मधला बांध, वरच्या रानाचं पाणी अंगावर घेऊन बळ्ळारी नाल्याकडे वळवणारा. त्यानं स्वतः बावीस वर्षं तो लिंपला होता. वाटेकरी म्हणून. बासमतीचं भात, धूळवाफेची पेरणी, श्रावणात गुडघाभर पाणी. सिमेंटची खोली म्हणजे तेव्हाची पंपाची खोली, चिऱ्याची, वर स्लॅब टाकलेली. मालकानं रान घेतलं, पाच-सहा फूट मुरूम टाकला, रोलर फिरवला. बांधाच्या अलीकडं जुनं घट्ट रान, पलीकडं खोल वाफा होता तिथं नुसता भराव. आणि वरचं पाणी अजून त्याच वाटेनं येत होतं.

"एळ्री," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "एळ्री सगळे! होरग बर्री!"

"एनातु अज्जा?"

"हे बीळतैति." त्यानं जॅककडं बोट दाखवलं. त्याचं कानडी बाजारापुरतं होतं, पुढचं मराठीतच आलं. "खालची माती गेली. उठा, पोरं घ्या."

यंकप्पा उठला, जॅकजवळ आला, बघितलं आणि हसला. सेंट्रिंगचं काम त्याच्या हातचं होतं. वाकून त्यानं भिंतीकडेचा हातोडा उचलला. एक ठोका खालून, एक पिन वर, दोन मिनिटांचं काम, असं तो कानडीत मेव्हण्याला सांगत होता. परशरामला शब्द कळले नाहीत, हातोडा कळला.

त्यानं यंकप्पाचं मनगट धरलं. "हात लावू नको! ओझं हाय वर. सुटला तर शेजारच्यांवर जातंय, आणि ते बी ह्याच भरावावर उभं हाय."

"अज्जा, मी वीस स्लॅब—"

"तुझं काम तुला येतंय रे. खरं ही जमीन मला म्हाईत हाय. इथं खाली पोकळ हाय."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एक सेंट्रिंगवाला आणि एक वॉचमन. साइटवर कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं असतं. गंगव्वानंच ते मोडलं. तिनं पोराला पदरात गुंडाळलं, उठली आणि विचारलं, "येल्ली होगोदु?" जायचं कुठं? बाहेर विजा पडत होत्या. शेडला पत्रा नव्हता. पोराच्या अंगात ताप होता.

किल्ली परशरामच्या हातातच होती.

सिमेंटच्या खोलीत दीडशे पोती होती, छतापर्यंत रचलेली. दाराकडची रास त्यानं आणि मेव्हण्यानं हातोहात उचलून मागं फेकली. रचायला वेळ नव्हता. तीन पोती फुटली. दार उघडं राहिल्यानं झड आत येत होती, चार-पाच पोत्यांवर पाणी पडत होतं, ते त्याला दिसत होतं. पोरं आत गेली. बायका आत गेल्या. यंकप्पा भांडी आणायला परत वळला, तेव्हा परशरामनं त्याला जी शिवी दिली ती त्यानं बैलालासुद्धा कधी दिली नव्हती.

"भांडी राहू दे! खोरं घे आणि माझ्यामागं ये."

वीज लांब सरकली होती. चमक आणि गडगडाट यांत आता दहा आकडे मोजून होत होते. वरच्या अंगाला, इमारतीपासून चांगलं वीस पावलांवर, प्लॉटच्या कोपऱ्यात तो थांबला. पूर्वी इथं बांधाला मोरी होती, पाणी जास्त झालं की फोडायची. भरावात ती बुजून गेली होती. त्यानं पायानं जागा दाखवली.

"इथं मार."

दोघांनी मुरूम ओढायला सुरुवात केली. गुडघाभर खणल्यावर काळी माती लागली. शेताची, चिकट. तिचा वास आला तसं परशरामनं खोरं यंकप्पाकडनं काढून घेतलं आणि आडवा चर स्वतः ओढला. पाणी क्षणभर तिथंच फिरलं, मग वळलं, आणि रस्त्याच्या गटारीकडं धावत सुटलं. इमारतीकडं जाणारी धार बारीक झाली.

तेव्हाच मागून आवाज आला. लोखंड लोखंडावर आपटल्याचा, आणि लगेच भांड्यांचा.

कुणीच हललं नाही. वरून काही पडलं नाही. परशराम कान देऊन उभा राहिला. स्लॅब राहिला होता. यंकप्पा खाली बसला, चिखलातच. मग त्यानं परशरामचा पाय धरायला हात पुढं केला तेव्हा परशराम बाजूला झाला.

"उठ. मेस्त्रीला फोन लाव. माझ्यात रेंज न्हाई."

सिद्राय मेस्त्री पहाटे आला, इंजिनिअर सातला, मालक आठला. पडलेला जॅक यंकप्पाच्या अंथरुणावर आडवा होता, भाताचं पातेलं त्याच्याखाली चेपलं होतं. इंजिनिअरनं बाहेरूनच बॅटरीनं स्लॅबची खालची बाजू बघितली. बीमजवळ केसाएवढी चीर होती, ती त्यानं मोबाइलवर टिपली. शेजारचे दोन जॅकही खचले होते. घट्ट जमिनीकडून सुरुवात करून, रुंद फळ्या टाकून, एकेक नवा जॅक लावत आत जायचं ठरलं. जुना कुठलाही आधी काढायचा नाही.

मालक सिमेंटच्या खोलीच्या दारात उभे होते. "किती भिजली?"

"भिजली चार, फुटली तीन," परशराम म्हणाला. "दार मीच उघडलं."

मालक काही बोलणार होते. आत पोतं उशाला घेऊन गंगव्वाचं पोर झोपलं होतं. त्यांचं लक्ष तिकडं गेलं आणि ते इंजिनिअरकडं निघून गेले. पुढं पगारातनं कापलं की नाही ते महिनाअखेरीला कळायचं होतं.

"मामा," इंजिनिअरनं हाक मारली, "बांध कुठून कुठपर्यंत होता, दाखवता?"

परशराम काठी घेऊन निघाला. रस्त्याकडच्या कॉलमपासून मुरुमात रेघ ओढत, पार्किंगच्या कडेनं, जिन्याच्या खड्ड्याला वळसा घालून. इंजिनिअर मागून नकाशावर खुणा करत होता. स्लॅबखालून जायची वेळ आली तेव्हा परशराम थांबला, बाहेरूनच काठीनं दिशा दाखवली आणि दुसऱ्या बाजूनं येऊन रेघ पुढं चालू केली.

"म्हणजे ही सगळी बाजू भरावावर आहे," इंजिनिअर म्हणाला. "मेस्त्री, इथले सगळे तळ उघडून बघायचे. मिस्त्रीकाम आज बंद. गडी इकडं घ्या."

सिद्रायनं यंकप्पाला हाक मारली. यंकप्पा उठला. परशराम मध्ये आला.

"गडी येतील," तो म्हणाला. "आधी शेडवर पत्रं घाला. आज बी पाऊस हाय."

सिद्रायनं मालकाकडं पाहिलं. मालकांनी खिशातून फोन काढला आणि पत्रेवाल्याला लावला.