माहितीच्या अधिकारामुळे अधिकारी नागरिकांना उत्तरदायी कसे ठरतात? (थोडक्यात उत्तर)

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मुळे सरकारी कागद नागरिकाला तपासता येतो आणि सही करणारा अधिकारी नावानिशी समोर येतो. समजा, अंधेरीतला रस्ता पहिल्याच पावसात उखडला. महापालिकेच्या विभाग कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्क भरून कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, दिलेली देयके आणि कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायचा काळ, म्हणजे दोषदायित्व कालावधी, याची नोंद मागता येते. कलम 2(ञ) नुसार कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. ही तरतूद फारच कमी लोक वापरतात. ‘रस्ता का उखडला?’ असे विचारले तर अर्ज बहुधा वाया जातो, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा नव्हे.

उत्तराची मुदत 30 दिवस; जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास 48 तास. उत्तर न आल्यास 30 दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला आयोग दररोज 250, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो. खरा धाक याच कलम 20 चा, मात्र आयोगातील सुनावणीला लागणारा विलंब तो बोथट करतो.