गाडी निंघी गयी!

(विद्यार्थी परिषद निवडणूक, सचिवपदाच्या उमेदवाराचं प्रचाराचं भाषण. कॉलेजचं सभागृह, अमळनेर)

राम राम मंडळी!

बहिणींनो, भावांनो आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या समस्त 'भो' मंडळींनो! मी टीवायबीएस्सीची, विषय रसायनशास्त्र, गाव मारवड. बोलायला चार मिनिटं मिळालीत, त्यातलं अर्धं या माईकनेच खाल्लं. म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

दुपारची प्रॅक्टिकलची बॅच सुटते पाचला. इथून स्टँडवर चालत जायला लागतात वीस मिनिटं. आणि आपली गाडी हलते पाच-दहाला. आता करा हिशेब! ब्युरेटमधून थेंब थेंब पडतोय, फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग यायला एक थेंब उरलाय, एक डोळा थेंबावर, एक डोळा घड्याळावर. घाईत तोटी जरा जास्त फिरते, फिकट गुलाबीचा गडद गुलाबी होतो, रीडिंग वाया जातं, आणि तेवढ्यात व्हरांड्यातून कुणीतरी ओरडतं...

मांडळची पोरगी जर्नल छातीशी धरून पळते. गाडी निंघी गयी!
पातोंड्याचा पोरगा ॲप्रन न काढता पळतो. गाडी निंघी गयी!
मारवडची मी, चप्पल तुटली तरी पळते. काय झालं? बोला, मोठ्यानं बोला!

निंघी गयी! बघा, कुणाला शिकवावं लागलं नाही.

मग पुढची गाडी येईपर्यंत स्टँडवर बसायचं. घरून फोन, "कुठं आहेस?" अर्ध्या तासाने फोन, "अजून कुठं आहेस?" अंधार पडल्यावर फोन, "उद्यापासून कॉलेज बंद कर." ज्या मुलींना हा तिसरा फोन येऊन गेलाय, त्यांच्यातल्या दोघी गेल्या वर्षी माझ्याच बाकावर बसायच्या. आज त्या या सभागृहात नाहीत.

मागणी एवढीच आहे: बॅच दोनऐवजी दीडला सुरू करा. साडेचारला सुटू, चार-पन्नासला स्टँडवर असू, पाच-दहाला खिडकीजवळची जागा धरून बसू. कॉलेजचा एक रुपया खर्च नाही, एक शिक्षक जादा नको, एक खोली जादा नको.

दुसरं, एसटीचा पास. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया आपल्या खिशातून जातो. सवलत मोठी आहे. पण ती घ्यायला बोनाफाईड लागतं, आणि बोनाफाईडसाठी खिडकी! सकाळी गेलं तर "साहेब आले नाहीत", दुपारी गेलं तर "साहेब जेवायला गेलेत", चारला गेलं तर "उद्या या". सत्र सुरू झालं की वर्गावर्गात यादी करायची, एकदाच सही-शिक्का घ्यायचा आणि सगळ्यांची बोनाफाईड वर्गातच वाटायची. हे काम मी करेन.

आणि लायब्ररी. खोली करून राहणाऱ्या, पोलीस भरतीच्या आणि एमपीएससीच्या मुलांना संध्याकाळी बसायला जागा द्या. रात्री नऊपर्यंत वाचनकक्ष उघडा ठेवा. यावर जास्त बोलत नाही, ज्याला गरज आहे त्याला कळलं.

समोरचे मित्र मोठी आश्वासनं देतायत. जिम देणार, कँटीन एसी करणार, वायफाय देणार. द्या बुवा! मीही वापरेन. पण लिंगडोह समितीच्या शिफारशींत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये आहे, पोस्टरही हाताने काढलेलं पाहिजे. माझा आजवरचा खर्च चार कार्डशीट, दोन मार्कर आणि मैत्रिणींच्या कचोऱ्या. कचोऱ्याच महाग पडल्या. गेटवरचे ते चकचकीत फ्लेक्स कुणाच्या हाताने काढले, ते ज्याचं त्याला विचारा.

या गावात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवायचे, वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे. इथल्या प्रत्येक भाषणात त्यांचं नाव घेतात, झाडू कुणी घेत नाही. मी फार मोठं बोलणार नाही. निवडून आले तर अर्ज मी लिहेन, आवक क्रमांक मी घेईन, उत्तर काय आलं ते नोटीस बोर्डावर मी लावेन. नकार आला तर नकारसुद्धा लावेन! मग परत मागू. मागायचं, मागत राहायचं, मिळेपर्यंत मागायचं.

मतदान शनिवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन, तळमजल्यावर खोली क्रमांक सात. ओळखपत्र विसरू नका, ते घरी राहिलं तर मत नाही. मतपत्रिकेवर माझं नाव तिसरं आहे. शनिवारी अर्धाच दिवस, दोनच्या गाडीने बरेच जण गावाला पळतात, मला माहीत आहे. तेव्हा त्या दिवशी आधी मत, मग कचोरी, मग गाडी!