वक्त्याचा परिचय. सत्र : ‘आिथर्क’चं ‘आर्थिक’ करताना – जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (40 मिनिटं, प्रात्यक्षिकासह)

मी पुण्यात डीटीपी ऑपरेटर म्हणून कामाला लागले. पेजमेकरमध्ये दिवाळी अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते लावलं. पदवी वाणिज्य शाखेची; पायथन नंतर गरजेपोटी शिकले. आता प्रकाशकांचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून देणं हाच माझा व्यवसाय आहे. सध्या हातात एका मासिकाचे 1996 ते 2009 पर्यंतचे अंक आहेत.

या विषयाला टंकलेखन आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही लागतं. जुन्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले आकारांचे तुकडे असतात, तेही डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. ‘आर्थिक’मध्ये आधी आ, मग पहिली वेलांटी, मग थ, त्याच्यावर रफार, शेवटी क. थ सुद्धा बऱ्याचदा अर्धा थ आणि काना असा जोडलेला. नुसतं कोष्टक लावून तुकडे बदलले की ‘आिथर्क’ हाती येतं. वेलांटी थच्या पुढे आणि रफार थच्या मागे सरकवायचा, तर अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे आधी ओळखावं लागतं. ‘कार्यकर्त्यांनी’सारख्या शब्दात रफाराला अनुस्वारही चिकटतो. ऑपरेटरने घाईत तो आधी टाइप केलाय की नंतर, हे मला फाइल पाहून कळतं, कारण मीही तसंच करायचे.

दुसरा भाग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’चा. हा र्‍ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो : U+0931 U+094D किंवा U+0930 U+094D U+200D. दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची एनएफसी पद्धत त्यांना एक करत नाही, म्हणून शोधताना अर्धे शब्द सापडतच नाहीत. हे बहुतेक रूपांतरकांच्या लक्षातही येत नाही. (मुद्रितशोधकांच्या मात्र येतं, आणि शिव्या आम्हाला बसतात.)

सत्रात तयार निकालाची चित्रं दाखवणार नाही. खऱ्या अंकाचं एक पान प्रकाशकाच्या परवानगीने उघडेन, रूपांतर करेन, चुका श्रोत्यांकडून शोधून घेईन आणि नियम तिथेच दुरुस्त करेन. हेच प्रात्यक्षिक मी पुण्यातल्या मुद्रितशोधकांच्या एका कार्यशाळेत केलं आहे. त्याचं चित्रीकरण, सुमारे 150 ओळींचा कोड आणि चाचणीचे शब्द अर्जासोबत जोडले आहेत. समितीने आपल्याकडची एखादी जुनी फाइल आधी पाठवली तर तीही घेईन. फक्त फॉन्टचं नाव कळवा.

स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर वाचून घेण्याबद्दल मी बोलणार नाही. तो वेगळा विषय आहे आणि माझं त्यात काम नाही.