हॉर्सशू रीडिंग : सहकाऱ्याने लग्नाचं विचारलं, त्याबद्दल

नमस्कार,

काल फोनवर ठरल्याप्रमाणे टॅरोची सात पानं काढून घोड्याच्या नालेच्या आकारात मांडली. फोटो सोबत पाठवलाय. नालेचं डावं टोक म्हणजे पहिलं पान, तिथून क्रमाने वाचा. तुमचा प्रश्न ‘हो म्हणू का?’ असा होता. मी पत्ते पिसताना तो थोडा बदलून घेतला : त्याच्या विचारण्याकडे तुम्ही कसं पाहावं? हो-नाहीला ही मांडणी नीट उत्तर देत नाही.

भूतकाळात थ्री ऑफ पेंटॅकल्स. चर्चमध्ये काम करणारा गवंडी आणि नकाशा घेऊन उभे असलेले दोघं. तीन वर्षं एका टीममध्ये, रिलीजच्या रात्री एकत्र जागलेल्या. ओळख कामातूनच झाली. वर्तमानात नाइट ऑफ कप्स. हातात प्याला धरून संथपणे येणारा स्वार म्हणजे तोच. विचारण्यात खोटेपणा मला दिसत नाही.

तिसरं, पडद्याआडचं पान सिक्स ऑफ पेंटॅकल्स. एका हातात तराजू धरून नाणी देणारा सावकार, समोर गुडघ्यावर बसलेले दोघं. तुम्ही नवीन असताना त्याने सगळं शिकवलं, मॅनेजरसमोर तुमची बाजू घेतली, हे तुम्हीच बोलता बोलता दोनदा सांगितलंत. त्या उपकाराचं ओझं उत्तरात मिसळतंय का, तेवढं तपासा.

आता चौथं, अडथळ्याचं. फोटो बघून तुम्ही गोंधळाल, कारण तिथे फोर ऑफ वाँड्स आलंय. चार काठ्या, वर फुलांची माळ, मागे गुच्छ उंचावून आनंद करणारी माणसं. थेट मांडवच. कुठल्याही पुस्तकात याच्यापुढे लग्न, घर, उत्सव असं सापडेल आणि कुणीही म्हणेल, ‘बघ, योग आहे!’ पण हे पान निकालाच्या जागी आलेलं नाही, वाट अडवणाऱ्या जागी आलंय. चांगलं पान अडथळ्यात आलं की मी ते उलटं करून वाचत नाही. तीच चांगली गोष्ट आड येतेय, असं वाचते. तुमच्या बाबतीत मांडवच आड आलाय. त्याने शुक्रवारी विचारलं, शनिवारी तुम्ही आईला सांगितलंत आणि रविवारी डोंबिवलीच्या मामी हॉलच्या तारखा विचारत होत्या! चित्रात बघा, माळेखालची जागा रिकामी आहे. माणसं पलीकडे नाचतायत. तुम्ही अजून तिथे आलेलाच नाहीत.

आणखी एक. सात पानांत कप्सचं, म्हणजे भावनांचं, एकच पान आहे आणि तेही त्याचं. तुमच्या मनाचं पान या नालेत कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त हे खटकलं.

पाचवं, भोवतालचं, फाइव्ह ऑफ वाँड्स : पाच पोरं, पाच काठ्या, पाच दिशा. घरचे, ऑफिसातले, मैत्रिणी. ऐकून सोडून द्या.

सहावं, सल्ल्याचं, क्वीन ऑफ स्वोर्ड्स. नेटवर शोधलंत तर ‘वैधव्य’ असा जुना अर्थ दिसेल. घाबरू नका, सल्ल्याच्या जागी पान भविष्य सांगत नाही, वागायचं कसं ते सांगतं. तिची तलवार सरळ उभी आहे, कुणावर रोखलेली नाही. दुसरा हात पुढे केलेला आहे, ‘ये, बोल’ म्हणणारा. म्हणजे स्पष्ट विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. समोरासमोर, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कँटीनमध्ये तर नकोच. लग्न झालं तर एका टीममध्ये राहता येईल का, नाहीतर टीम कोण बदलणार? नाशिकच्या आईवडिलांचं पुढे काय ठरलंय? आणि मी नाही म्हटलं, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये तू माझ्याशी कसा वागशील? हा तिसरा प्रश्न चुकवू नका. सावकाराच्या तराजूचा खरेपणा तिथेच कळेल.

त्याच्याआधी आईला एवढंच सांगा : ‘मी अजून हो म्हटलेलं नाही, हॉल बघू नका.’ अडथळ्यावरचा उतारा सल्ल्याच्या पानात असा सरळ क्वचितच सापडतो.

सातवं, निकालाचं, सेव्हन ऑफ पेंटॅकल्स. शेतकरी कुदळीवर हात टेकून वेलीकडे बघत उभा आहे, तोडणी केलेली नाही. इतक्यात निकाल लागणार नाही, महिना-दोन महिने तरी. मेजर आर्कानाचं, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या वळणांचं, एकही पान न आल्यामुळे हे सगळं विधिलिखित वगैरे मी म्हणणार नाही.

त्याच्याशी बोलणं होईपर्यंत याच प्रश्नावर पुन्हा पानं काढायला सांगू नका, मी काढणार नाही. बोलून झालं की फोन करा.